लाइन आणि स्टाफ : सल्ला देणारा अडवतो केव्हा, आणि उत्तर कोण देतो?

मागच्या व्याख्यानात आपण अधिकारांची उतरंड आणि आदेशाची एकात्मता पाहिली. आजचा विषय त्याला लागूनच आहे. शासनाच्या एखाद्या विभागात प्रत्यक्ष काम करणारी यंत्रणा एक असते आणि तिला सल्ला, पैसा, माणसं, वस्तू पुरवणारी यंत्रणा दुसरी असते. पहिली ती लाइन, दुसरी ती स्टाफ. पाठ्यपुस्तकांत 'सूत्र अभिकरण' आणि 'स्टाफ अभिकरण' असे शब्द आहेत. मी आज लाइन आणि स्टाफच म्हणणार आहे, कारण कार्यालयातही तसंच बोललं जातं. 'स्टाफ' म्हणजे कर्मचारीवर्ग असा रोजचा अर्थ मात्र थोडा वेळ बाजूला ठेवा.

हे शब्द सैन्यातून आले. रणांगणावर आघाडीच्या रांगेत लढणारे ते लाइनवाले. सेनापतीच्या तंबूत नकाशे पाहणारे, दारूगोळ्याचा हिशेब ठेवणारे, पुढची चाल आखणारे ते स्टाफवाले. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यानं जनरल स्टाफ ही व्यवस्था पक्की केली आणि पुढे लोकप्रशासनाच्या अभ्यासकांनी ती नागरी कारभाराला लावली.

पुस्तकातला फरक दोन वाक्यांत सांगता येतो. लाइन विभागाचं मूळ उद्दिष्ट पूर्ण करते, आदेश देते आणि लोकांना जबाबदार असते. स्टाफ लाइनला मदत करतो, सल्ला देतो, पण आदेश देत नाही. परीक्षेला एवढं पुरतं. पण शासनात एक दिवस बसलं की दिसतं, ज्याला आदेश देता येत नाही तोच पुष्कळदा काम थांबवू शकतो. असं का होतं, ते आज एका विभागाच्या उदाहरणातून पाहू. विभाग घेऊ महाराष्ट्राचा सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि वस्तू घेऊ एकच : सर्पदंशावरची लस.

विभागात कोण कुठे बसतं?

तळाला प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. तिथला वैद्यकीय अधिकारी ही लाइनची शेवटची कडी. त्याच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्याच्यावर जिल्हा परिषदेतला जिल्हा आरोग्य अधिकारी. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयं मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे तिथे लाइनच्याच दोन शाखा झाल्या. वर मंडळाचे उपसंचालक, मग संचालनालय आणि आयुक्त, आणि मंत्रालयात सचिव व मंत्री. रुग्णापासून मंत्र्यापर्यंत जाणारी ही सरळ रेघ म्हणजे लाइन. विधानसभेत 'औषध का नव्हतं?' असा प्रश्न आला की तो याच रेघेवरून खाली घरंगळत येतो.

आता या रेघेच्या बाजूला पाहा. वित्त विभाग आहे, खर्चाला सहमती देतो. सामान्य प्रशासन विभाग आहे, सेवाविषयक नियम आणि आकृतिबंध पाहतो. विधी व न्याय विभाग आहे, कायद्याचं मत देतो. पुण्यात राज्य आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र आहे, अभ्यास करून विभागाला तांत्रिक सल्ला देतं. जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी आहेत. आणि औषधखरेदीची यंत्रणा आहे, तिच्याकडे आपण सविस्तर येणारच आहोत.

यांना सगळ्यांना एकच 'स्टाफ' नाव दिलं की घोळ होतो. यांची कामं तीन वेगळ्या जातींची आहेत. पहिलं, निखळ सल्ला : पुण्याच्या केंद्रानं अहवाल दिला, विभागानं मानला तर मानला. दुसरं, नियंत्रण : वित्त विभागाचा 'सल्ला' घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तिसरं, सेवा : खरेदी, साठवण, वाहतूक. या तिसऱ्याला काही अभ्यासक स्टाफ मानतच नाहीत, वेगळं 'सहायक अभिकरण' म्हणतात. ते वेगळं का मानावं, हे आपलं उदाहरण दाखवील.

आणखी एक. लाइन किंवा स्टाफ हा माणसाच्या कपाळावरचा शिक्का नाही, तो नातेसंबंध आहे. मुख्य लेखा व वित्त अधिकारी हे आरोग्य विभागाच्या दृष्टीनं स्टाफ, पण स्वतःच्या वित्त विभागातल्या सहायक लेखाधिकाऱ्यांना ते थेट आदेश देतात, तिथे ते लाइन. जिल्हा आरोग्य अधिकारी प्रशासनासाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं ऐकतात आणि तांत्रिक बाबींसाठी संचालनालयाचं. त्यामुळे 'हे कार्यालय लाइन की स्टाफ?' असा प्रश्न विचारू नका. 'या कामात, यांच्या संदर्भात, हे काय आहे?' असं विचारा.

एका मागणीचा प्रवास

आता उदाहरण. केंद्र काल्पनिक आहे, आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण पद्धत ओळखीची वाटेल.

कोकणातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरा. पावसाळ्यात भातशेतीची कामं सुरू झाली की सर्पदंश वाढतात, आणि कोकणात फुरशाचं प्रमाण मोठं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. डॉक्टरला हे माहीत असतं. दहा टेबलांवरून जाणाऱ्या कागदाला ते माहीत नसतं.

या केंद्राला मे महिन्यात ६० कुप्या मिळाल्या. मे, जून, जुलैत लक्षणं असलेले ६ रुग्ण आले. प्रत्येकी १० प्रमाणे ६० कुप्या संपल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर आणखी ९ रुग्ण आले. लस नव्हती, म्हणून त्यांना ४० किलोमीटरवरच्या रुग्णालयात पाठवलं. सर्पदंशात एकेक तास मोलाचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या वर्षीची मागणी भरायची वेळ आली. वैद्यकीय अधिकाऱ्यानं हिशेब केला : १५ रुग्ण, प्रत्येकी १०, म्हणजे १५० कुप्या. पण मागणीच्या तक्त्यात रकाना आहे 'मागील वर्षीचा वापर'. तिथे साठा नोंदवहीप्रमाणे आकडा येतो ६०. वरच्या कार्यालयात सूत्र ठरलेलं : मागील वापर अधिक १० टक्के. म्हणजे ६६. मागितल्या १५०, मंजूर झाल्या ६६. पुढच्या जुलैअखेर पुन्हा लस संपणार आणि पुन्हा 'वापर ६६' अशी नोंद होणार.

इथे कोणी चूक केली? तक्ता करणाऱ्यानं नियमाप्रमाणे केलं. त्याचं म्हणणंही रास्त आहे : सगळे वाढवून मागतात, लस महाग आहे, मुदत संपून वाया गेली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप त्याच्यावर येतो. स्टाफचं कामच मुळी तुलना करणं आणि आवर घालणं हे आहे. फक्त त्याच्या हातातला आकडा खोटा नसूनही अपुरा आहे. लस संपलेली असते तेव्हा वापर शून्य दिसतो, गरज शून्य नसते.

हे दुरुस्त कसं करायचं? तक्त्यात दोन रकाने वाढवा : 'साठा शून्य असलेले दिवस' आणि 'औषधाअभावी पुढे पाठवलेले रुग्ण'. हंगाम मे ते ऑक्टोबर, १८४ दिवस. साठा होता ९२ दिवस. म्हणजे निम्म्या दिवसांत ६० लागल्या, तर पूर्ण हंगामाला १२०. पहिल्या रकान्यानंच ६६ चे १२० झाले. दुसरा रकाना जोडला की ९ रुग्णांचे ९० मिळतात आणि आकडा १५० वर येतो. आता वाद डॉक्टरच्या शब्दावर राहत नाही, नोंदवहीवर येतो. म्हणजे स्टाफची तपासणी काढून टाकायची गरज नाही. लाइनला जे दिसतं ते स्टाफच्या कागदावर येईल अशी जागा करून द्यावी लागते.

सल्ल्याचा नकाराधिकार कसा होतो?

मागणी वर गेली. संचालनालयात एकत्र झाली, मंत्रालयात प्रस्ताव झाला. कक्ष अधिकाऱ्यानं टिपणी लिहिली, उपसचिव, सचिव, आणि फाइल वित्त विभागाकडे गेली. शासन कार्यनियमावलीप्रमाणे, ज्या आदेशानं राज्याच्या तिजोरीवर भार पडतो तो वित्त विभागाशी आधी विचारविनिमय केल्याशिवाय काढता येत नाही. म्हणूनच शासन निर्णयांच्या शेवटी ते ओळखीचं वाक्य असतं : 'वित्त विभागाच्या सहमतीने व त्यांच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुकअन्वये निर्गमित करण्यात येत आहे.' नाव 'अनौपचारिक', पण तो क्रमांक मिळेपर्यंत निर्णय निघत नाही.

औपचारिकदृष्ट्या वित्त विभागानं आरोग्य विभागाला आदेश दिलेला नाही, मत दिलं आहे. मतभेद झाला तर विषय मुख्यमंत्र्यांकडे किंवा मंत्रिमंडळाकडे नेता येतो. पण सर्पलशीच्या काही कुप्यांसाठी कोणता सचिव मंत्रिमंडळापर्यंत जाईल? वर नेण्याची किंमत जास्त असते, म्हणून लहान आणि मध्यम विषयांत सल्ला हाच निर्णय ठरतो. मोठ्या, राजकीय वजनाच्या विषयात मात्र तोच वित्त विभाग लेखी आक्षेप नोंदवतो आणि निर्णय तरीही होतो. स्टाफचा जोर विषयाच्या आकाराच्या उलट प्रमाणात चालतो, हे लक्षात ठेवा.

स्टाफ 'नाही' असं क्वचितच लिहितो. तो लिहितो, 'पुढील मुद्द्यांची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा.' हा शेरा निरुपद्रवी दिसतो. त्यात नकार नाही, त्यामुळे वर दाद मागायला काही हाती लागत नाही. फाइल संचालनालयात जाते, तिथून जिल्ह्यात, माहिती गोळा होते, परत येते. मग नवा मुद्दा. महाराष्ट्रात २००५ चा विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. सर्वसाधारणपणे फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो म्हणतो. चांगला कायदा आहे. पण फेरसादरचा शेरा मारला की फाइल माझ्या टेबलावर नसते, तुमच्या टेबलावर असते. प्रत्येक जण मुदतीत आणि फाइल मात्र चार महिने फिरतेय, असं अगदी कायदेशीरपणे घडू शकतं.

अशी अडवणूक ओळखायची कशी? फाइलमधले शेरे तारखेनं एकाखाली एक लावा. पहिल्या फेरीत विचारता आला असता असा मुद्दा तिसऱ्या फेरीत विचारलेला असेल, तर ती छाननी नाही. खरी छाननी सगळे मुद्दे एकदाच काढते. प्रत्येक फेरीत मुद्दा नवा पण माहिती मुळातच फाइलला जोडलेली असेल, तर फाइल वाचलीच गेलेली नाही.

लाइनही काही भाबडी नसते बरं का. तिच्याकडे तिची हत्यारं असतात. फाइल मार्चमध्ये 'तातडीची' म्हणून पाठवायची, म्हणजे ३१ मार्चला निधी व्यपगत होण्याच्या भीतीनं सहमती मिळते. कपात होणार हे गृहीत धरून दुप्पट मागायचं. स्टाफला हे माहीत असतं, म्हणून तो निम्मं कापतो. मग जो प्रामाणिकपणे १५० मागतो, त्याला ७५ मिळतात. अविश्वास दोन्हीकडून वाढतो आणि आकड्यांतला अर्थ निघून जातो.

खरेदी वेगळी काढली तेव्हा

आता तिसऱ्या जातीकडे, सेवेकडे. पूर्वी औषधखरेदी त्या त्या विभागाच्या संचालनालयांमार्फत होत असे. म्हणजे लाइनच स्वतःसाठी खरेदी करायची. खरेदीतल्या गैरव्यवहाराचे आरोप झाले. २०१७ मध्ये शासनानं ठरवलं की सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांची खरेदी एका ठिकाणी आणायची. ते ठिकाण म्हणजे परळची हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ ही शासनाची कंपनी. विचार पाठ्यपुस्तकाला धरून होता : एकत्र खरेदी म्हणजे दर कमी, तज्ज्ञता एकवटते, आणि डॉक्टरांच्या मागचा निविदांचा ससेमिरा सुटतो.

पुढे काय झालं? खरेदीला उशीर होतो, रुग्णालयात औषध पोहोचत नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षं आल्या. रुग्णालयांना एका मर्यादेपर्यंत स्थानिक खरेदीची मुभा ठेवावी लागली. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा औषधपुरवठा आणि या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख असणं हे मुद्देही सुनावणीत आले.

मी इथे कुणा संस्थेवर ठपका ठेवत नाही. रचना काय होती ते पाहा. रुग्णालयाला औषध हवं, पण खरेदी त्याच्या हाताखाली नाही. खरेदी करणाऱ्याला निविदा निर्दोष हवी, कारण त्याची चौकशी निविदेवरून होते, रुग्णावरून नाही. पैसा विभागाकडून खरेदीदाराकडे वर्ग झाला की रुग्णालयाच्या हातात मागणीपत्राशिवाय काही उरत नाही. औषध नसलं की नातेवाईक डॉक्टरला विचारतात. डॉक्टर म्हणतो, 'मागणी पाठवलीय.' खरेदीदार म्हणतो, 'मागणी उशिरा आली, तपशील अपुरा होता.' दोघंही खरं बोलत असतात. सेवा देणारं अभिकरण वेगळं केलं की उशिराची किंमत एक भोगतो आणि उशिरावर ताबा दुसऱ्याचा असतो. म्हणून अभ्यासक या प्रकाराला सल्लागारांपासून वेगळं ठेवतात. सल्लागाराचं न ऐकता लाइन पुढे जाऊ शकते, खरेदीदाराला वगळून नाही.

मग केंद्रीकरणच चूक का? नाही. तमिळनाडूनं १९९४ मध्ये तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं, तेही केंद्रीय खरेदीसाठीच. फरक एका साध्या गोष्टीत आहे. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. वर्षाला इतक्या रकमेची औषधं घेण्याचा तुमचा हक्क, असं त्यात नोंदलेलं. रुग्णालय जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलतं आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा होते. निविदा, दर, गुणवत्ता-चाचणी महामंडळाकडे. काय आणि किती हवं, हे रुग्णालयाकडे. गोदामात साठा आधीच असल्यामुळे प्रत्येक मागणीला नवी निविदा लागत नाही. थोडक्यात, सेवा स्टाफकडे दिली, पण निवडीचा हक्क लाइनकडे ठेवला.

दोन प्रश्न

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे घेतो.

एकांनी विचारलं, 'मग स्टाफचे अधिकार कमी करावेत का?' सरसकट नाही. वित्ताची छाननी नसेल तर दुप्पट मागणाऱ्याला दुप्पट मिळेल आणि प्रामाणिक केंद्र रिकामं राहील. बदल करायचा तर तो इतकाच : आक्षेप एकदाच आणि सगळे घ्यावेत, ते लेखी कारणासह असावेत, आणि ठरलेल्या दिवसांत मत आलं नाही तर सचिवाला पुढे जाता यावं. छाननी राहते, उशिराचं अस्त्र जातं.

दुसरा प्रश्न एका स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थिनीचा : 'उत्तरपत्रिकेत फरक कसा लिहू?' पुस्तकातली व्याख्या लिहाच. पण तिच्याखाली एक उदाहरण घ्या आणि तीन गोष्टी दाखवा. काम फसलं तर उत्तर कोणाला द्यावं लागतं? कोणाच्या सहीशिवाय काम थांबतं? आणि उशीर झाला तर किंमत कोण मोजतं? पुस्तकाप्रमाणे तिन्हींचं उत्तर 'लाइन' असायला हवं. आपल्या आरोग्य केंद्रात पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर डॉक्टर आणि रुग्ण हे आहे, आणि दुसऱ्याचं उत्तर त्यांच्यापासून कितीतरी दूर बसलेलं कुणीतरी. हे अंतर जिथे दिसेल, तिथे लाइन आणि स्टाफ यांची घडी बिघडली आहे असं समजावं.

पुढच्या व्याख्यानात आपण मुख्यालय आणि क्षेत्रीय कार्यालयं यांचे संबंध पाहणार आहोत. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला दोन वरिष्ठ कसे असतात, हे आज ओझरतं आलं, ते तिथे सविस्तर घेऊ.